टक-टक वाजणारी, कॉम्प्युटरला न दिसणारी हार्ड डिस्क: फायली कशा वाचवायच्या आणि कुठे थांबायचं

प्रश्न: माझी १ टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क कॉपी चालू असताना टेबलावरून फरशीवर पडली. आता लावली की टक-टक-टक वाजते, थोड्या वेळाने गप्प होते आणि लॅपटॉपवर काहीच दिसत नाही. आत मुलीचे जन्मापासूनचे फोटो आणि व्हिडिओ आहेत. चार-पाच वेळा लावून पाहिली. रिकव्हरी सॉफ्टवेअर घेऊ का? कोणी फ्रीजरमध्ये ठेव म्हणतं, कोणी उघडून बघ म्हणतं. घरी किती प्रयत्न करावेत?

उत्तर: आता एकही नाही. डिस्क केबलपासून सोडवा आणि पुन्हा लावू नका. सॉफ्टवेअर विकत घेऊ नका, ते तुमच्या डिस्कपर्यंत पोचूच शकत नाही. फोटो परत मिळण्याची शक्यता अजून चांगली असू शकते, पण प्रत्येक वेळी डिस्क चालू केली की ती थोडी कमी होते. हे असं का, ते नीट सांगतो, कारण कारण कळलं की पुढचे निर्णय तुमचे तुम्हालाच घेता येतील.

डिस्कच्या आत आरशासारख्या गुळगुळीत तबकड्या असतात आणि त्या मिनिटाला सहसा ५४०० फेरे घेतात. अडीच इंची डिस्कमध्ये तबकडीची बाहेरची कड ताशी सुमारे ६५ किलोमीटर वेगाने फिरत असते. तिच्यावरून वाचणारं हेड काही नॅनोमीटर उंचीवर, हवेच्या पातळ थरावर तरंगतं. माणसाचा केस या अंतराच्या हजारो पट जाड असतो. डिस्क बंद असताना हेड तबकडीवर नसतात, कडेच्या प्लॅस्टिकच्या उतारावर, म्हणजे रॅम्पवर, येऊन बसतात. म्हणून डिस्क पडली असं कुणी सांगितलं की माझा पहिला प्रश्न असतो, तेव्हा ती चालू होती का? बंद असताना पडलेली डिस्क बऱ्याचदा बचावते. तुमची कॉपी चालू होती, म्हणजे हेड तबकडीवर होते आणि धक्क्याने ते तिच्यावर आपटले असणार.

आता टक-टक. तबकडीवर कारखान्यातच लिहिलेल्या चुंबकीय खुणा असतात, त्यांना सर्व्हो म्हणतात. आपण कुठल्या ट्रॅकवर आहोत हे हेडला या खुणा वाचूनच कळतं. चालू झाल्यावर हेड रॅम्पवरून उतरतं आणि खुणा शोधतं. त्या सापडल्या नाहीत तर सर्किट हेड धरणाऱ्या हाताला मागे खेचतं आणि पुन्हा पाठवतं. तो हात शेवटच्या टोकाला आदळतो, तोच तुम्हाला ऐकू येणारा आवाज. काही वेळा असं करून डिस्क हार मानते आणि मोटर थांबवते.

दिसत का नाही, त्याचं कारणही इथेच आहे. डिस्कला स्वतःचा कारभार चालवायला जो प्रोग्रॅम लागतो, त्याचा थोडासा भाग सर्किट बोर्डावरच्या चिपमध्ये असतो आणि बाकीचा मोठा भाग तबकडीवरच्या राखीव जागेत. हेडला ती जागा वाचता आली नाही, तर आपलं नाव काय आणि आपण किती टीबीच्या, हेसुद्धा डिस्क कॉम्प्युटरला सांगू शकत नाही. कधी कधी ती दिसते, पण क्षमता शून्य दाखवते. तेही त्याच आजाराचं लक्षण. बाजारातलं कुठलंही रिकव्हरी सॉफ्टवेअर डिस्ककडे सेक्टर, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, मागतं आणि आलेल्या सेक्टरांतून फायली जुळवतं. जिथे डिस्क उत्तरच देत नाही तिथे ते कितीही महाग असलं तरी करणार काय?

मग चालू-बंद करत राहिल्याने बिघडतं काय? हेडच्या टोकाला स्लायडर नावाचा बारीकसा तुकडा असतो. आपटल्याने त्याचा कोपरा उडाला असेल किंवा तो वाकला असेल, तर तो हवेवर तरंगत नाही, तबकडीला घासतो. तबकडीवरचा चुंबकीय थर अतिशय पातळ असतो, तो खरवडून निघतो, आणि निघालेली पूड आतल्या आत फिरून चांगल्या हेडखाली जाते. तबकडी सेकंदाला ९० फेरे घेते. अर्धा मिनिट चालू ठेवलेली डिस्क तेवढ्या वेळात एकाच जागेवर अडीच हजारांहून जास्त वेळा घासू शकते. जिथला थर गेला तिथला डेटा कायमचा गेला, डेटा रिकव्हरीच्या कुठल्याही लॅबला तो परत आणता येत नाही. खराब हेड बदलता येतं, खरवडलेली तबकडी बदलता येत नाही.

इथे तुमच्यापेक्षा वेगळ्या परिस्थितीतल्या वाचकांसाठी एक अपवाद सांगायला हवा. डिस्क पडलेली नाही, पाण्यात गेलेली नाही, तरी अचानक टक-टक करू लागली, तर कारण वीज कमी पडणं हेही असू शकतं. साधा यूएसबी २ पोर्ट नियमाप्रमाणे ५०० मिलिअँपिअर देतो, यूएसबी ३ पोर्ट ९००. मोटर सुरू होताना डिस्क त्याहून जास्त ओढू शकते. लांब केबल, सैल झालेलं रुंद मायक्रो-बी टोक किंवा स्वस्तातला हब असेल तर मोटर फिरते, वीज पडते, हेड मागे जातात, मोटर पुन्हा फिरू लागते. ऐकायला हे हुबेहूब बिघडलेल्या हेडसारखं वाटतं. अशा डिस्कसाठी एकच चाचणी करावी. दुसरी आखूड, चांगली केबल घ्या, डेस्कटॉपच्या मागच्या पोर्टमध्ये थेट लावा, कान जवळ नेऊन दहा-पंधरा सेकंद ऐका. आवाज गेला आणि डिस्क दिसली तर दोष केबलचा किंवा पोर्टचा. आवाज तसाच असेल तर काढा आणि तिथेच थांबा. तिसरी केबल, चौथा लॅपटॉप, शेजाऱ्यांचा टीव्ही असं फिरत बसू नका.

आवाजाचा प्रकारही ओळखून ठेवा. फिरण्याचा आवाज न येता बारीक पीं-पीं किंवा गुरगुर येत असेल, तर बहुतेक हेड तबकडीला चिकटलेले असतात किंवा मोटर जाम झालेली असते. पूर्ण शांतता असेल तर संशय बोर्डावर किंवा केबलवर घ्यायचा, आणि अशा केसमध्ये बातमी पुष्कळदा चांगली निघते. खरखर, घासल्यासारखा आवाज आला तर त्याच क्षणी वायर ओढा. तिथे सेफली रिमूव्ह वगैरे पाहत बसायचं नाही.

फ्रीजरचा सल्ला फार जुना आहे आणि अजून फिरतो आहे. थंडीने वाकलेलं हेड सरळ होत नाही. उलट डिस्कच्या झाकणाला हवेचा दाब सारखा राहावा म्हणून फिल्टर लावलेलं एक बारीक छिद्र असतं, त्यातून बाहेरची दमट हवा आत जाते. गार डिस्क बाहेर काढली की आत तबकडीवर बाष्प धरतं. मुंबईच्या किंवा कोकणातल्या हवेत तर नक्कीच. त्या ओलाव्यावरून हेड फिरवणं म्हणजे उरलेलं घालवणं.

उघडून हाताने हेड सरकवण्याबद्दल एवढंच सांगतो की खोलीतल्या हवेत तरंगणारा नेहमीचा धूलिकण हेड आणि तबकडीतल्या फटीपेक्षा कितीतरी मोठा असतो, आणि बोटाचा ठसा तर त्याहून वाईट. व्हिडिओत डिस्क उघडून चालू केलेली दिसते ती काही मिनिटं फिरते हे खरं, पण तुमचा पूर्ण डेटा वाचायला काही तास ते काही दिवस लागतात. घरी उघडलेली डिस्क घ्यायला अनेक लॅब नकार देतात किंवा जास्त पैसे सांगतात. हा त्यांचा लोभ नसतो, तबकडी आधी साफ करण्याचं काम खरंच वाढलेलं असतं.

आणखी एक उपाय तुम्हाला मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात सांगितला जाईल, तशाच दुसऱ्या डिस्कचा बोर्ड बसवायचा. पूर्वी हे चालायचं. आता प्रत्येक डिस्कच्या बोर्डावर, तिच्याच हेडसाठी कारखान्यात जुळवलेली मापं साठवलेली असतात. ती चिप किंवा तिच्यातली माहिती नव्या बोर्डावर नेल्याशिवाय नुसता बोर्ड बदलून बहुतेक डिस्क जुळत नाहीत. आणि पडल्यानंतर टक-टक करणाऱ्या डिस्कचा बोर्ड सहसा चांगलाच असतो. केसिंगही स्वतः काढू नका. काही पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबीचं टोक थेट डिस्कच्याच बोर्डावर असतं, आतून डिस्क थेट कॉम्प्युटरला जोडायचं साटाचं टोक मिळतच नाही. काहींमध्ये पासवर्ड न ठेवताही त्या सर्किटातून जाणारा सगळा डेटा एन्क्रिप्ट होतो, म्हणून मूळ बोर्ड हरवला तर प्रश्न अवघड होतो.

लॅबमध्ये पुढे काय होतं, ते एका केसवरून सांगतो. कराडहून एका निवृत्त शिक्षकांची २ टीबीची डिस्क आमच्या लॅबमध्ये आली होती. नातवाच्या हातून चालू असतानाच पडली होती. त्यांनी एकदा लावली, आवाज ऐकला, काढली आणि जुन्या रुमालात गुंडाळून ठेवून दिली. त्या एकाच गोष्टीने पुढचं सगळं शक्य झालं.

आत दोन तबकड्या आणि चार हेड. फिल्टर केलेल्या हवेच्या टेबलावर, ज्याला लॅमिनार फ्लो बेंच म्हणतात, डिस्क उघडली आणि चालू करण्याआधी मायक्रोस्कोपखाली पाहिली. सगळ्यात खालच्या हेडचा स्लायडर तिरका झालेला, त्या बाजूला तबकडीच्या बाहेरच्या कडेला एक बारीक डाग, बाकी तीन बाजू स्वच्छ. डिस्कमध्ये एका कोपऱ्यात हवा गाळणारा छोटा पांढरा फिल्टर असतो. तो पांढराच होता, म्हणजे पूड फिरलेली नव्हती. मी झाकण काढल्यावर सर्वात आधी त्याच्याकडेच बघतो.

मग डोनर शोधला, म्हणजे जिचे हेड काढून घ्यायचे अशी चालू डिस्क. नुसतं मॉडेल सारखं असून भागत नाही. फर्मवेअरचं, म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या प्रोग्रॅमचं, कूळ, हेडची संख्या आणि मांडणी, शक्यतो कारखाना आणि उत्पादनाची तारीखही जवळची लागते. म्हणून लॅबवाले आठवडा-दोन आठवडे मागतात तेव्हा ते बहुतेक डोनरसाठी असतात. हेड एकमेकांना किंवा तबकडीला चिकटू नयेत म्हणून त्यांच्यात कंगव्यासारखं हत्यार घालून पूर्ण संच बदलला. डिस्क चालू झाली, नाव आणि क्षमता बरोबर आली. पहिलं काम केलं ते बोर्डावरच्या चिपची आणि राखीव जागेतल्या प्रोग्रॅमची प्रत काढण्याचं.

यानंतर एक गोष्ट लोकांना नवल वाटण्यासारखी असते. आम्ही पहिल्या सेक्टरपासून वाचायला सुरुवात केली नाही. उसने हेड या तबकडीशी पूर्ण जुळत नाहीत, ते किती काळ टिकतील याचा भरवसा नसतो. म्हणून आधी फायलींची यादी असलेला तक्ता वाचला, सरांना फोन करून कुठले फोल्डर सर्वात आधी हवेत ते विचारलं. त्यांनी कुटुंबाचे फोटो पहिले सांगितले, लग्नाचं शूटिंग नंतर. मग ठरवून खराब बाजूचं हेड बाजूला ठेवलं आणि तीन चांगल्या बाजूंवरून ते फोल्डर वाचले.

इथे चारपैकी तीन बाजू वाचल्या म्हणजे ७५ टक्के फायली मिळाल्या असं होत नाही. डिस्क डेटा पट्ट्यापट्ट्यांनी लिहिते, थोडा एका बाजूवर, मग पुढच्या बाजूवर. चार-पाच एमबीचा फोटो बहुधा एकाच पट्टीत मावतो, म्हणून तो एकतर पूर्ण येतो किंवा अजिबात येत नाही. अनेक जीबींचा व्हिडिओ मात्र चारही बाजूंवर पसरलेला असतो, आणि एक बाजू नसेल तर जवळजवळ प्रत्येक मोठा व्हिडिओ मधेमधे तुटतो. कोणी तुम्हाला टक्क्यांत रिकव्हरी सांगितली तर हे टक्के सेक्टरांचे की उघडणाऱ्या फायलींचे, हे आवर्जून विचारा.

तीन बाजू झाल्यावर चौथीकडे वळलो. डागापासून लांब, आतल्या भागातून सुरुवात केली. बरंच वाचलं गेलं आणि बहुतेक उरलेले फोटो त्यातून आले. बाहेरच्या कडेकडे सरकताना वाचन मंद झालं, चुका वाढल्या आणि ते हेड बंद पडलं. पुन्हा उघडून पाहिलं तर डागाच्या जागी पूर्ण गोल रेघ उमटली होती. दुसरा डोनर आणता आला असता, पण त्या रेघेवर नवं हेडही मेलं असतं, आणि ती पूड बाकीच्या बाजूंवर गेली असती. उरलं होतं ते प्रामुख्याने लग्नाचं शूटिंग. सरांना स्थिती सांगितली. त्यांनी शूटिंगवाल्याकडे चौकशी केली, त्याच्याकडे एडिट केलेली प्रत निघाली, आणि आम्ही काम तिथे थांबवलं.

याच्या उलट केस सांगतो. तशाच प्रकारे पडलेली डिस्क रात्रभर सॉफ्टवेअरला लावून ठेवलेली होती. झाकण काढलं तेव्हा तो पांढरा फिल्टर काळपट झालेला आणि तबकडीवर चमकणारी रुंद कडी, जिथून थर निघून खालची काच दिसत होती. अशा डिस्कला मी हेड लावत नाही. मालकाला फोटो काढून पाठवतो आणि परत करतो.

आता ज्यांची डिस्क केबल बदलल्यावर दिसू लागली आहे, पण अडखळते आहे, त्यांच्यासाठी. विंडोजने फॉरमॅट करू का किंवा Initialize Disk असं विचारलं तर नाही म्हणा, आणि chkdsk चालवू नका. ते त्याच आजारी डिस्कवर दुरुस्तीसाठी लिहू लागतं. थेट डिस्क स्कॅन करण्याऐवजी तिची पूर्ण प्रत, म्हणजे इमेज, दुसऱ्या मोठ्या डिस्कवर घ्या आणि फायली त्या प्रतीतून शोधा. लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून ddrescue हे त्यासाठीचं साधन आहे. उबुंटूमध्ये ते gddrescue नावाच्या पॅकेजात मिळतं. आधी कुठली डिस्क कुठली आहे ते मॉडेल आणि सिरियल पाहून पक्कं करा, कारण उलटसुलट झालं तर चांगल्या डिस्कवरचं पुसलं जाईल.

```
lsblk -o NAME,SIZE,MODEL,SERIAL
sudo ddrescue -d -n /dev/sdX /media/nava/disk.img /media/nava/disk.map
```

sdX च्या जागी आजारी डिस्कचं नाव, आणि /media/nava च्या जागी नव्या डिस्कचा मार्ग. नवी डिस्क फॅट३२ नसावी, तिच्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. -n मुळे पहिल्या फेरीत चांगला भाग आधी उचलला जातो आणि अवघड जागा खरवडत बसणं टळतं. map फाइल जपा. वीज गेली तरी तीच कमांड पुन्हा दिली की काम जिथे थांबलं तिथून सुरू होतं. थांबण्याच्या खुणा तीन आहेत. टक-टक सुरू झाली, डिस्क मधेच यादीतून नाहीशी झाली, किंवा वेग काही केबीवर येऊन तिथेच राहिला. यातलं एकही झालं की बंद करा, मिळालेली इमेज आणि map दोन्ही डिस्कसोबत लॅबला द्या.

तुमच्याकडे परत येतो. पैसे खर्चण्याआधी एक संध्याकाळ दुसरीकडे काय शिल्लक आहे ते शोधण्यात घालवा. जुने फोन, कॅमेऱ्याची कार्डं, गुगल फोटो, आजी-आजोबांना व्हॉट्सअॅपवर पाठवलेले फोटो, बारशाचा अल्बम करणारा स्टुडिओ. कॅमेऱ्याचं कार्ड पुसलेलं असलं तरी त्यावर नवीन काही काढलेलं नसेल तर PhotoRec या फुकट साधनाने बरेचदा फोटो निघतात, फक्त निघालेले फोटो त्याच कार्डावर ठेवू नका. या शोधानंतर डिस्कमध्ये नेमकं काय अडकलंय आणि ते तुम्हाला केवढ्याचं आहे हे स्पष्ट होतं. हेड बदलण्याचं काम नव्या डिस्कच्या किमतीच्या कित्येक पट जातं, त्यामुळे ही यादी हातात असणं गरजेचं आहे.

लॅब निवडताना विचारा की डिस्क तुम्ही स्वतः उघडता की पुढे दुसऱ्याकडे पाठवता, हेड बदलण्याचं काम कसल्या जागेत होतं, डेटा मिळाला नाही तर किती पैसे, आणि डोनरचे पैसे त्यात धरलेत का. पूर्ण रक्कम देण्याआधी फायलींची यादी आणि काही फोटो उघडून दाखवायला सांगा. न बघताच फोनवर शंभर टक्के हमी देणाऱ्याकडे जाऊ नका. एकाने तपासून नाही म्हटलं तर उघडल्यावर काय दिसलं त्याचे फोटो मागा. तबकडीवर कडी दिसत असेल तर दुसऱ्या, तिसऱ्या लॅबच्या चकरा मारण्यात अर्थ नाही. डोनर मिळाला नाही किंवा त्या लॅबकडे ते हत्यार नाही एवढंच कारण असेल, तर दुसरीकडे जरूर दाखवा.

डिस्क देताना लेबलचा फोटो काढून ठेवा आणि चिठ्ठीवर लिहा: चालू असताना पडली, त्यानंतर चार-पाच वेळा लावली, प्रत्येक वेळी अंदाजे किती वेळ चालू राहिली, आधी कुठले फोल्डर हवेत. हे लपवू नका, पहिल्यांदा चालू करायची की थेट उघडायची हे आम्ही त्यावरूनच ठरवतो. केसिंग आणि केबल सोबत द्या. शक्य असेल तर स्वतः नेऊन द्या. कुरिअरच करायची असेल तर डिस्क अँटिस्टॅटिक पिशवीत घाला, चारही बाजूंनी किमान दोन-तीन इंच फोम किंवा बबल रॅप येईल एवढ्या खोक्यात ठेवा आणि हलवून आत काही सरकत नाही ना, ते पाहा.